ठकीचा परगावचा पहिला वाढदिवस : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

जिची मैत्रीण गेल्या वर्षभरात लग्न करून, घर बदलून किंवा दोन्ही एकदम करून गिरगावची चाळ सोडून गेली आहे आणि तिचा त्यानंतरचा पहिला वाढदिवस तोंडावर आला आहे, अशा प्रत्येकीसाठी. पूर्वानुभवाची अट नाही. उलट, वर्षानुवर्षं रात्री बाराला दार बडवून, "ए, बाहेर ये" एवढ्याच शब्दांत शुभेच्छा देणाऱ्यांचा पूर्वानुभव इथे आडवा येतो. दोन खोल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला संदेश लिहावा लागत नाही. त्यामुळे गिरगावात हे शिक्षण कुणाला मिळालेलंच नसतं.

उदाहरणासाठी एक मैत्रीण घेऊ. सोयीसाठी तिला ठकी म्हणू. ठाकूरद्वारच्या आतल्या बाजूची एक चाळ, दुसरा माळा, जिन्याजवळची खोली. ठकीची नोकरी फोर्टात, तिथे ती बसने जायची. 2026 च्या मेच्या पहिल्या आठवड्यात तिचं लग्न झालं. 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागत होता, म्हणून सगळ्यांनाच घाई होती. सासर डोंबिवली पूर्व, वन बीएचके, घरात सासू-सासरे. नोकरी तीच, पण आता लोकलने. वाढदिवस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन श्रावणात.

आता या वर्षात ठकीच्या वाट्याला काय काय पहिलं येतं ते मोजा. पहिली वटपौर्णिमा, पहिली मंगळागौर, पहिला दिवाळसण, पहिली संक्रांत. तिला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. जावईबापूंना तर लग्नाला पंधरा दिवस होतात न होतात तोच अधिकाचं वाण म्हणून 33 अनारसे मिळाले. प्रत्येक पहिल्याला विधी आहे, ठरलेला पदार्थ आहे, कोणी कोणाला काय द्यायचं याचे अलिखित करार आहेत. वाढदिवस मात्र या यादीत नाही. सासरचा पहिला वाढदिवस कसा करावा याबद्दल पंचांग गप्प, आजी गप्प, नणंदही गप्प. सकाळी औक्षण होईल, संध्याकाळी अंड्याशिवायचा केक येईल, आणि मधल्या वेळात ठकीला पहिल्यांदाच असं वाटेल की या घरात आपण किती वर्षांच्या झालो हे कागदपत्रं बघितल्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. तुमचा संदेश या मधल्या वेळासाठी आहे. बाकीचा दिवस सासरचे सांभाळतील.

धडा पहिला : आधी काकूंना भेटा

संदेश लिहायला बसण्याआधी ठकीच्या आईकडे जाऊन यावं. त्या अजून दुसऱ्या माळ्यावरच आहेत, तेव्हा सबब चालणार नाही. चहा होईपर्यंत तीन गोष्टी काढून घ्यायच्या.

पहिली, वाढदिवस तारखेने की तिथीने. जुन्या गिरगावकर घरांत अजून दोन्ही चालतात. यंदा अधिक महिना पडल्यामुळे त्याच्या पुढच्या तिथ्या गेल्या वर्षीपेक्षा 19 दिवसांच्या आसपास उशिरा आल्या आहेत. म्हणजे काकूंचं औक्षण आणि तुमचा संदेश यांत बरंच अंतर पडू शकतं. (तारीख विसरलेल्यांसाठी ही पळवाटही आहे. "आज तिथीने आहे ना!" असं म्हणून सुटता येतं. मात्र तिथी होऊन गेली नाही ना, हे कालनिर्णयात आधी पाहावं. ठकीकडे पाठ असलेल्या तिथ्यांची संख्या तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे.)

दुसरी, तिकडचं वेळापत्रक. कोण किती वाजता झोपतं, ठकी कुठल्या गाडीला जाते, कधी परतते. काकूंना गाडीची वेळ मिनिटासकट माहीत असते. मुलगी फोन कधी उचलेल याचं गणित त्या मेपासून करत आल्या आहेत.

तिसरी गोष्ट विचारायची नाही, नुसती ऐकायची. "ठकी कशी आहे?" म्हटलं की काकू "छान आहे हो" म्हणतील. ते सोडून द्या. त्यानंतर त्या आपणहून जे सांगतील ते लक्षात ठेवा. तिकडे पोळीला तेल लावत नाहीत, नळ पहाटे येतो, तिचा डबा आता तीच भरते. हा तुमचा कच्चा माल. यातलं बहुतेक संदेशात जाणार नाही, पण काय लिहू नये हे यातूनच कळतं.

धडा दुसरा : नाव

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं असेल, तर ते नाव त्या दिवशी फोटोग्राफरने टिपलं आणि नंतर कोणी वापरलं की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. आडनावाचंही तसंच. कायद्याने ते बदलायलाच हवं असं नाही, आणि ज्या बदलतात त्यांचीही कागदपत्रं महिनोन्महिने राजपत्र, आधार, पॅन आणि बँक यांच्यामध्ये लोंबकळत असतात. त्यामुळे उत्साहाच्या भरात "सौ. अमुक तमुक यांना" असं नव्या आडनावाने सुरू करू नये. गंमत म्हणून तर मुळीच नको. आज दिवसभर नव्या मंडळींकडून ती ते नाव ऐकणारच आहे.

उलट टोकही टाळावं. मोरीच्या रांगेत पडलेलं, फक्त दुसऱ्या माळ्याला ठाऊक असलेलं टोपणनाव संदेशाच्या पहिल्या ओळीत लिहू नये. कारण फोन कुलूपबंद असला तरी पहिली ओळ पडद्यावर उमटते, आणि वन बीएचकेमध्ये फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला असतो. टोपणनाव वापरायचंच असेल तर दुसऱ्या ओळीनंतर. पहिल्या ओळीत साधं "ठके". त्यात कोणी काही शोधू शकत नाही.

नवऱ्याचा उल्लेख करायचा असल्यास "जिजू" म्हणा किंवा नावाने म्हणा, जे लग्नात म्हणत होतात तेच. तीन-चार महिन्यांत नातं बदललेलं नाही.

धडा तिसरा : वेळ

नवशिक्या इथे सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा थांबू.

रात्री बारा ही चाळीची वेळ. गॅलरीत केक, कठड्यावर मेणबत्त्या, खालच्या माळ्यावरून एक शिवी, आणि पंधरा मिनिटांत सगळे आपापल्या दारात. डोंबिवलीच्या घरात सासरे हॉलमध्ये झोपतात. त्या हॉलमध्ये बाराच्या ठोक्याला आठ जणींचे संदेश एकामागून एक टुणटुणले की सकाळी चहाच्या वेळी ठकीला वाढदिवसाआधी खुलासा द्यावा लागतो. शिवाय यंदाची बाराची वेळ जिजूंची आहे. त्यांना ती लक्षात राहिली का, हा त्यांचा प्रश्न. तुम्ही आधी पोहोचलात तर त्यांचं राहून गेलेलं उघडं पडतं, आणि ते तुम्हाला महागात पडेल.

पहाटे साडेपाच ते सात हाही वेळ नको. नळ, डबा, औक्षण, सासूबाईंच्या पाया पडणं. या दीड तासात आलेला संदेश ती ओल्या हाताने अर्धा वाचेल आणि "नंतर नीट वाचू" म्हणून ठेवेल. तोवर त्यावर चाळीस संदेश येऊन बसतील.

मग कधी? ठकीच्या दिवसात एकच जागा अशी आहे जिथे ती ना सून असते ना कर्मचारी. लोकलमधला, सीएसएमटीपर्यंतचा तासाभराहून थोडा जास्त वेळ. पण तोही अख्खा कामाचा नाही. डोंबिवलीला चढताना तिचे दोन्ही हात लढाईत असतात. ठाण्यापर्यंत पर्स पोटाशी धरून ती उभी असते. नवीन मुलीला घाटकोपरच्या सुमाराला बसायला मिळालं तर नशीब. नाहीतर दादरला गर्दी उतरते तेव्हा हात मोकळा होतो. म्हणून काकूंनी सांगितलेल्या गाडीच्या वेळेत साधारण चाळीस मिनिटं मिळवावीत आणि तेव्हा संदेश सोडावा. ठकीची 7:52 असेल तर साडेआठ. तुमचा संदेश तेव्हा यादीत सर्वांत वर असतो, तिच्या खांद्यावरून फक्त अनोळखी बायका डोकावत असतात, आणि सीएसएमटी यायला अजून वेळ असतो.

टीप : त्या दिवशी गाड्या उशिराने धावत असतील तर संदेशही उशिराने सोडावा. ऑगस्ट आहे. रुळांवर पाणी किती आहे ते पाहावं.

धडा चौथा : मजकूर

आधी एक वाईट मसुदा पाहू. गिरगावात आज कुठल्याही मुलीला लिहायला बसवलं तर ती साधारण असा लिहील :

"हॅपी बर्थडे डार्लिंग!! लग्न झाल्यावर विसरलीस ना आम्हाला 😢 चाळ तुझ्याशिवाय सुनी सुनी झालीये. डोंबिवलीत कसं काय करमतं गं तुला? सासूबाई कशा आहेत? गोड बातमी कधी? लवकर ये माहेरी, वाट बघतोय. अशीच हसत राहा!"

भावना खऱ्या आहेत, पण जवळजवळ प्रत्येक वाक्य ठकीच्या हातात एकेक काम ठेवतं.

"विसरलीस ना" हे आपल्याकडे प्रेमाने म्हणतात हे मान्य. पण त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि उत्तर म्हणजे सफाई. वाढदिवसाच्या सकाळी, दांडीला लटकून, आपण कोणाला विसरलो नाही याचे पुरावे तिने द्यायचे. आणि गेल्या तीन-चार महिन्यांत तुम्ही तिला किती फोन केलेत हा प्रश्न ती विचारणार नाही, म्हणून तुम्ही विचारून घ्या.

"चाळ सुनी झाली" हे ती मंगळागौरीला आली तेव्हा तिने स्वतः पाहिलं आहे, आणि चाळ काही सुनी झालेली नाही. ती गेल्यावरही पाण्यावरून भांडणं आहेत, गणपतीची वर्गणी आहे, कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्या आहेत. खरं तर तिला टोचत असेल ते हेच, की तिच्याशिवाय सगळं नीट चाललं आहे. तेव्हा खोटं दुःख लिहिण्यापेक्षा चाळीतली एखादी खरी, बारीक, आजची बातमी लिहावी.

"सासूबाई कशा आहेत" याचं लेखी उत्तर एकच असतं : "छान." ते तुम्हालाही ठाऊक आहे, तिलाही. लेखी न देता येणारी उत्तरं तोंडी भेटीसाठी ठेवावीत.

"गोड बातमी" या दोन शब्दांना या मार्गदर्शिकेत जागा नाही. ते विचारणाऱ्या मावश्या तिला भरपूर आहेत. तुम्ही मावशी नाही.

"लवकर ये" यात अडचण अशी की येणं तिच्या एकटीच्या हातात नसतं. श्रावणात व्रतं, भाद्रपदात सासरचा पहिला गणपती, मग पितृपंधरवडा. तुम्ही सहज लिहिलंत, पण तिला ते दोन घरांच्या परवानग्यांचं कोडं म्हणून दिसतं. त्याऐवजी "मी येते" लिहावं आणि वार सांगावा. वाराशिवाय "भेटू गं" म्हणणं ही गिरगावातली निरोप घ्यायची पद्धत आहे, त्याला आमंत्रण समजत नाहीत.

उरलं डोंबिवलीत करमण्याचं. गिरगावकरांना ठाकूरद्वारपलीकडचं सगळं जग तात्पुरतं वाटतं. केशवजी नाईक चाळीत 1893 सालापासून गणपती बसतो, त्यामुळे उरलेल्या महाराष्ट्राने आपल्याकडून काहीतरी शिकावं ही अपेक्षाही रास्त आहे. पण संदेशात गावाची बरोबरी काढू नये. एकतर तिला आता तिथेच राहायचं आहे. दुसरं म्हणजे डोंबिवलीचे लोक मुद्देसूद बोलतात. पाडव्याच्या शोभायात्रेवरून, नऊवारी आणि बुलेटवरून तुम्ही जरा छाती काढलीत की जिजू शांतपणे सांगतील, नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा 1999 साली डोंबिवलीच्या गणेश मंदिराने सुरू केली आणि ती तिथून पसरली. ते खरं आहे. आणि ठकीला मधे बसून दोन्ही बाजूंना हसावं लागेल.

नव्या गावाबद्दल विचारायचंच तर असं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर फक्त तिथे राहणाऱ्या माणसालाच देता येईल आणि जे द्यायला तिला मजा वाटेल. माझ्या मते ठकीसाठी यंदाचा एकच खरा प्रश्न आहे : गाडीत ग्रुप लागला का?

हे गिरगावकरांना समजावून सांगावं लागेल, कारण आपण बसने जातो. मध्य रेल्वेच्या बायकांच्या डब्यात रोज त्याच गाडीला, त्याच दाराशी चढणाऱ्यांचे ग्रुप असतात. ते भाजी निवडतात, भिशी लावतात, हळदीकुंकू करतात, चौथ्या सीटवर कोण बसेल ते ठरवतात, आणि ग्रुपमधलीचा वाढदिवस असला की डब्यातच सामोसे वाटले जातात. नवीन मुलीला ग्रुप लगेच लागत नाही. आधी काही महिने ती दारात उभी असते, मग एक दिवस कोणी तरी "तू कुठली गं?" विचारतं, मग पर्स वर ठेवायला हात पुढे येतो. घरात सून रुळली की नाही हे सासूबाई ठरवतात. डोंबिवलीत रुळली की नाही हे डबा ठरवतो. ठकीने "हो" म्हटलं तर तिला सांगण्यासारखं पुष्कळ आहे, "नाही" म्हटलं तर त्याहून जास्त. दोन्ही उत्तरांत सासरची बदनामी नाही, म्हणून ती मोकळेपणी देईल.

धडा पाचवा : फोटो

फोटो टाकायचा असल्यास एकच. आठ फोटोंची चौकट आणि मागे गाणं, हा प्रकार आपल्या स्टेटसवर चालवून घ्यावा. तो तिच्यासाठी नसून इतरांनी पाहण्यासाठी असतो हे सगळ्यांना कळतं. ज्या फोटोत मागच्या ओळीत कोपऱ्यातून हळूच बघणारा तो मुलगा आहे, तो फोटो वगळावा. कोण तो मुलगा, हे ज्यांना समजलं त्यांना समजलं.

मिरवणुकीचे व्हिडिओही आज नकोत. ऑगस्टअखेर लालबाग-परळच्या कारखान्यांतून मूर्ती निघायला लागतात, आगमनाचे व्हिडिओ फिरू लागतात, आणि त्या ताशाने ठकीच्या पोटात काय होतं हे आपल्याला माहीत आहे. तो व्हिडिओ पाठवायचाच, पण दोन दिवसांनी. वाढदिवसाला डोळे भरून आले तर डब्यात पाणी द्यायला अजून ग्रुप नसेल.

चालेल तो फोटो असा : आजचा, तिच्या ओळखीच्या जागेचा, पण कोणीही माणूस नसलेला. विनय हेल्थ होमच्या मिसळीची अर्धी संपलेली प्लेट हे उत्तम उदाहरण. त्याने आठवण येते, भूक लागते, तुमचा राग येतो, आणि रडू येत नाही.

नमुना संदेश

वरचे धडे पाळून तयार होणारा संदेश साधारण असा :

"ठके, वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा. काकू सकाळीच तुझ्या नावाचा शिरा घेऊन आल्या. तुझ्या वाटणीचा मला दिला. बेदाणे तीन. तळमजल्याचा पंप पुन्हा गेलाय आणि समितीने पुन्हा समिती नेमली आहे. गाडीत ग्रुप लागला का? मी शनिवारी चारच्या सुमारास डोंबिवलीला येते, स्टेशनजवळ कुठेतरी भेटू, घरी यायचं की नाही ते तू ठरव. नाही जमलं तर त्याच्या पुढचा शनिवार. उत्तराची घाई नाही, आधी उतर."

यात शुभेच्छा एका वाक्यात संपल्या हे नवशिक्यांना खटकेल. खटकू द्या. "आयुष्यातील सर्व स्वप्ने पूर्ण होवोत" हे वाक्य तिला आज बँकेनेही पाठवलेलं असतं, विमा कंपनीनेही. तीन बेदाणे मात्र कुठल्याही कंपनीला पाठवता येणार नाहीत. "घरी यायचं की नाही ते तू ठरव" हे वाक्य काढू नये. नव्या घरात स्वतःचा पाहुणा बोलावणं हे पहिल्या वर्षात सोपं नसतं, आणि तिला ते तुम्हाला सांगावं लागू नये.

चाळीच्या जुन्या ग्रुपवर शुभेच्छा द्यायला हरकत नाही, पण दुपारनंतर. तिथे तोवर गुलाबाची तीन चित्रं, एक हिंदी शायरी आणि तळमजल्याच्या आजोबांचं "जीवेत् शरदः शतम्" आलेलं असतं. तिथे तुम्ही नुसता केक टाका. खरं बोलणं होऊन गेलेलं आहे.

पोहोचला की नाही, हे कसं ओळखावं

निळ्या खुणांवर विसंबू नये. त्या डोळ्यांना लागतात, मनाला नाही. उत्तर वाचावं.

"थँक्यू सो मच डिअर 🙏" आलं तर संदेश यादीत गेला. हेच उत्तर तिने आज साठ जणांना चिकटवलं आहे. कारण बहुधा वेळ चुकली किंवा प्रश्न नव्हता. निराश न होता शनिवारी जावं.

"छान आहे गं सगळं, तू कशी आहेस?" हे आलं तर जरा लक्ष द्या. एकतर फोनशेजारी कोणी आहे, नाहीतर सगळं छान नाही. लगेच खोदून विचारू नये. संध्याकाळी ती परतीच्या गाडीत असताना फोन लावावा आणि आपल्याच पंपाचं रडगाणं गावं. ती ऐकता ऐकता हळूच बोलायला लागते.

"तीनच? हलकट. माझे सगळे बेदाणे तूच खाल्लेस" असं आलं तर संदेश बरोबर जागी पोहोचला. त्यापाठोपाठ, पुढच्या स्टेशनची घोषणा आणि दोन बायकांचं भांडण यांच्यासकट, दीड मिनिटाचा आवाजी संदेश आला तर तो ऐकायला घाई करू नये. गॅलरीत जाऊन शेवटपर्यंत ऐकावा. महत्त्वाचं ती शेवटच्या दहा सेकंदांत बोलते.

पुरवणी : इतर प्रकार

मित्र लालबागचा असेल आणि लग्न होऊन विरारला गेला असेल, तर पोरांची पहिली सूचना फ्लेक्सची असते : "विरारचे भाग्यविधाते, आमचे लाडके बंधू", खाली बावीस गोल चेहरे. न्यायालयाने कितीही बजावलं तरी हा मोह सुटत नाही. पण त्याच्या नव्या सोसायटीच्या फाटकावर असा फ्लेक्स लावल्यास पुढच्या सभेत त्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. पुरुषांना संदेश लिहिणं जमत नाही असं म्हणतात. खरं तर त्यांना शुभेच्छा जमत नाहीत, शिव्या जमतात. मग एक जुनी शिवी आणि शनिवारची वेळ एवढंही पुरतं.

मित्र गावात राहिला आणि चाळच गेली, हा प्रकार वेगळा आणि आजकाल वाढता. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून कुटुंबं 500 चौरस फुटांत गेली. अशा मित्राला पाडलेल्या चाळीचा फोटो पाठवून "ते दिवस" म्हणू नये. त्याच्या आईला पहिल्यांदा घरात स्वतंत्र संडास मिळाला आहे, आणि तुम्ही सामाईक संडासाच्या आठवणीने गहिवरताय. तिथला प्रश्न वेगळा विचारावा : शेजारी कोण आलंय? सोडतीने दारं वाटली गेली की वर्षानुवर्षांचे शेजारी वेगवेगळ्या मजल्यांवर जातात, आणि त्याबद्दल बोलायचं असतं, पण नव्या घराचं कौतुक चालू असताना बोलता येत नाही.

शनिवारी जाताना

वार शनिवारच का, तर रविवारी मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो. गिरगावकर रविवारी निघून विद्याविहारला अडकून "आलेच गं" म्हणत बसले, अशी प्रकरणं सर्वश्रुत आहेत. आता तर भुयारी मेट्रो सुरू होऊन गिरगावहून दोन स्टेशनांत सीएसएमटी येतं, ऑक्टोबर 2025 पासून. त्यामुळे "आम्ही वेस्टर्नचे, सेंट्रलला कसं यायचं" ही जुनी सबब बाद झाली आहे.

हातात थोडंच न्यावं. काकू डबा देतील, तो न्यावाच लागतो. स्वतः पणशीकरांकडचं एखादं पाकीट घ्यावं, पण "तिकडे मिळत नसेल म्हणून आणलं" हे वाक्य गाडीतच ठेवून उतरावं. तिकडे सगळं मिळतं.

सासरी जाणं ठरलंच, तर स्वयंपाकघराच्या दाराशी एक नजर टाकावी. भिंतीवर कालनिर्णय असेल. जानेवारीतच त्यात सगळं लिहून ठेवलेलं असतं, गॅस, दूध, सासऱ्यांची तपासणी, नणंदेच्या मुलाचा वाढदिवस. ठकी मेमध्ये आली, म्हणून तिच्या तारखेच्या चौकोनात यंदा काही नसण्याची शक्यता आहे. असलंच, तर अक्षर कोणाचं ते बघावं. सासूबाईंचं असेल तर काकूंना रात्रीच सांगावं. जिजूंचं असेल तरी सांगावं. ठकीचं स्वतःचं असेल तर काही बोलू नये, आणि पुढच्या महिन्याचा एक शनिवार तिथल्या तिथे ठरवून निघावं.